स्वीडन १०.५५, कझाकस्तान ७.४२: ढोबळ मृत्युदर उलटं चित्र का दाखवतो

१९९२ साली स्वीडनमध्ये दर हजार स्त्रियांमागे १०.५५ मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी कझाकस्तानात, म्हणजे सोव्हिएत संघातून बाहेर पडून जेमतेम वर्षभर झालेल्या देशात, स्त्रियांचा हा दर होता ७.४२. दोन्ही आकडे देशांच्या अधिकृत नोंदींवरून काढलेले आहेत आणि गणितात कुठेही चूक नाही. तरी नुसते हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर कझाकस्तानातली बाई स्वीडनमधल्या बाईपेक्षा सुरक्षित होती असं वाटतं. ते साफ खोटं आहे.

लोकसंख्याशास्त्राच्या वर्गात ही जोडी बऱ्याचदा शिकवली जाते. आकडे खरे, पूर्ण आणि वयोगटांत फोडलेले असल्यामुळे गोंधळ नेमका कुठे होतो ते बोट ठेवून दाखवता येतं.

वयोगटांत फोडल्यावर

कच्चा माल असा. स्वीडनमध्ये त्या वर्षी सुमारे ४३ लाख ८५ हजार स्त्रिया आणि त्यांच्यातले ४६,२५६ मृत्यू. कझाकस्तानात सुमारे ८६ लाख ९९ हजार स्त्रिया आणि ६४,५७२ मृत्यू. दोन्हीकडे १९ वयोगट केलेले आहेत: पहिलं वर्ष वेगळं, मग १ ते ४, आणि पुढे पाच-पाच वर्षांचे गट थेट ‘८५ व त्यापुढे’पर्यंत. प्रत्येक गटातले मृत्यू त्या गटाच्या लोकसंख्येने भागले की वयोगटनिहाय मृत्युदर मिळतो. त्यातले आठ गट इथे घेतले आहेत. दर हजारी आहेत.

| वयोगट | स्वीडन | कझाकस्तान | किती पट |
|---|---|---|---|
| १ वर्षाखालील | ४.६७ | २१.३७ | ४.६ |
| १–४ | ०.१८ | १.६२ | ८.८ |
| २०–२४ | ०.३० | १.०८ | ३.६ |
| ४०–४४ | १.१७ | २.८८ | २.५ |
| ६०–६४ | ७.५९ | १३.९२ | १.८ |
| ७०–७४ | २०.२६ | ३९.९८ | २.० |
| ८०–८४ | ६८.१५ | १०१.५९ | १.५ |
| ८५+ | १५७.२९ | १८०.३० | १.१ |

न दाखवलेल्या गटांतही हेच दिसतं. एकोणीसच्या एकोणीस गटांत कझाकस्तानचा दर जास्त आहे, एकही अपवाद नाही. म्हणजे तान्ह्या मुलीपासून नव्वदीच्या आजीपर्यंत, कुठल्याही वयाला कझाकस्तानात मरण्याचा धोका अधिक होता. आणि तरीही सगळ्यांची बेरीज करून भागाकार केला की स्वीडन वर जातं.

ढोबळ दरात काय मिसळलेलं असतं

ढोबळ मृत्युदर म्हणजे एकूण मृत्यू भागिले एकूण लोकसंख्या. पण तो दुसऱ्या वाटेनेही काढता येतो: प्रत्येक वयोगटाचा दर घ्या, त्या गटाचा लोकसंख्येतला वाटा घ्या, दोन्हींचा गुणाकार करा आणि सगळे गुणाकार मिळवा. उत्तर तेच येतं. या दुसऱ्या वाटेने गेलं की लक्षात येतं, की ढोबळ दर ही एक भारित सरासरी आहे आणि तिचे भार प्रत्येक देश स्वतःच्या घरचे वापरतो. वजनाचे काटे दोन आणि मापंही दोन, अशी ही तुलना आहे.

स्वीडनमध्ये ६५ वर्षांवरच्या स्त्रिया २०.१ टक्के होत्या, कझाकस्तानात ८.१ टक्के. १५ वर्षांखालच्या मुली स्वीडनमध्ये १७.७ टक्के, तर कझाकस्तानात ३०.१ टक्के. मृत्यूचा धोका वयानुसार थोडाथोडका बदलत नाही, शेकडो पटींनी बदलतो. स्वीडनच्या आकड्यांत ५ ते ९ वर्षांच्या मुलींचा दर हजारी ०.१३ आहे आणि ८५+ चा १५७. त्यामुळे म्हातारपणाच्या टोकाला लोकसंख्येचा एखाद-दुसरा टक्का जास्त असला तरी ढोबळ दर पार हलतो.

एकच गट जवळून पाहा, ८५+. स्वीडनमध्ये या गटात १,१०,२४२ स्त्रिया होत्या, लोकसंख्येच्या अडीच टक्के. त्यांच्यातले मृत्यू १७,३४०. हे मृत्यू एकूण स्त्री-लोकसंख्येने भागले तर दर हजारी ३.९५ येतात. म्हणजे १०.५५ पैकी ३.९५ एवढा भाग निव्वळ या अडीच टक्क्यांनी आणला. कझाकस्तानात ८५+ स्त्रिया ५८,९४०, लोकसंख्येच्या ०.७ टक्केही नाहीत. मृत्यू १०,६२७. त्यांच्या दरात या गटाचा वाटा १.२२. दोन देशांच्या ढोबळ दरांतला फरक ३.१२ आहे आणि त्यातला २.७३ या एका गटात सापडतो. त्या गटात कझाकस्तानचा दर जास्त असूनही!

आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ६५ वर्षांवरच्या स्त्रियांचे मृत्यू स्वीडनमध्ये ४०,९३३ आणि कझाकस्तानात ४०,८८७, जवळजवळ सारखेच. पण स्वीडनमध्ये ते निम्म्या लोकसंख्येत वाटले गेले.

भार बदलून पाहू

शंका फेडण्याचा सरळ मार्ग म्हणजे मापांची अदलाबदल. स्वीडनचे वयोगटनिहाय दर तसेच ठेवू आणि ते कझाकस्तानच्या लोकसंख्येला लावू: त्या ८७ लाख स्त्रियांना प्रत्येक वयात स्वीडनइतकाच धोका असता, तर मृत्यू किती झाले असते? १९ गुणाकारांची बेरीज येते सुमारे ३६,५४१, म्हणजे दर हजारी ४.२०. प्रत्यक्षात झाले ६४,५७२.

आता उलट. कझाकस्तानचे दर स्वीडनच्या लोकसंख्येला लावले तर मृत्यू होतात सुमारे ७१,६६३ आणि दर हजारी १६.३४. प्रत्यक्षात होता १०.५५.

या चार आकड्यांवरून (१०.५५, ४.२०, १६.३४, ७.४२) फरकाची फोडही करता येते. दोन्ही देशांच्या वयरचनेची सरासरी भार म्हणून घेतली, तर स्वीडनचा दर येतो ७.३७ आणि कझाकस्तानचा ११.८८. म्हणजे दरांमुळे स्वीडन ४.५१ ने खाली असायला हवं होतं. पण वयरचनेने त्याला ७.६३ ने वर ढकललं. उरलं ते ३.१२, तोच आपण सुरुवातीला पाहिलेला फरक. इथे वयरचनेचा परिणाम खऱ्या धोक्याच्या परिणामापेक्षा मोठा आहे आणि उलट्या दिशेने आहे, म्हणून चिन्हच फिरलं. बऱ्याच तुलनांत चिन्ह फिरत नाही, फक्त फरक फुगतो किंवा आकसतो. तिथे फसवणूक ओळखणं जास्त अवघड जातं, कारण उत्तर अपेक्षेच्या विरुद्ध जात नाही आणि कोणी परत तपासायला बसत नाही.

प्रमाणित दर प्रत्यक्ष काढताना

दोनच देश असतील तर वरची अदलाबदल पुरते. पण पन्नास देश किंवा तीस वर्षं शेजारी ठेवायची असतील तर सगळ्यांसाठी एकच भार लागतात. त्यांना प्रमाण लोकसंख्या म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाण लोकसंख्या २००० ते २०२५ या काळातल्या जगाच्या सरासरी वयरचनेवरून बांधलेली आहे. तिचे भार टक्क्यांत असे: ०–४ ला ८.८६, मग पाच-पाच वर्षांच्या गटांना ८.६९, ८.६०, ८.४७, ८.२२, ७.९३, ७.६१, ७.१५, ६.५९, ६.०४, ५.३७, ४.५५, ३.७२, २.९६, २.२१, १.५२, ०.९१ आणि शेवटी ८५+ ला ०.६३.

स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने पुरतात: A मध्ये वयोगट, B मध्ये वर्षाच्या मध्याची लोकसंख्या, C मध्ये मृत्यू, D मध्ये दर, E मध्ये भार. अठरा ओळी, दुसऱ्यापासून एकोणिसाव्यापर्यंत. प्रमाण लोकसंख्येत ०–४ हा एकच गट असल्याने आपल्या तक्त्यातले पहिले दोन गट आधी एकत्र करायचे: लोकसंख्येत लोकसंख्या, मृत्यूंत मृत्यू मिळवायचे आणि मग भागाकार करायचा. दोन दरांची सरासरी काढायची नाही. एक वर्षाखालचा २१.३७ आणि १–४ चा १.६२ यांची साधी सरासरी ११.५ येते, खरा एकत्रित दर ५.३२ आहे. ही चूक फार वेळा दिसते.

```
D2:   =C2/B2*1000
D21:  =SUMPRODUCT(D2:D19,E2:E19)/SUM(E2:E19)
```

शेवटचा भागाकार मुद्दाम आहे. वरचे भार पूर्णांकित असल्याने त्यांची बेरीज १०० नव्हे, १००.०३ भरते. इथे त्याने काही बिघडत नाही, पण कोणी एखादा गट गाळला किंवा भार टक्क्यांऐवजी लाखात लिहिले तरी सूत्र तग धरतं. अर्थात गाळलेला गट मात्र ते सांगत नाही. त्यासाठी भारांची बेरीज एका वेगळ्या चौकटीत डोळ्यांसमोर ठेवावी.

उत्तर: स्वीडन ४.११, कझाकस्तान ७.३४. म्हणजे एकाच मापाने मोजल्यावर कझाकस्तानातल्या स्त्रियांचा मृत्युदर स्वीडनच्या १.७९ पट. ढोबळ दरांवरून हेच गुणोत्तर ०.७० दिसत होतं.

४.११ हा आकडा बघून काही जण चपापतात: स्वीडनमध्ये खरंच हजारी चारच मृत्यू झाले का? नाही, साडेदहा झाले. प्रमाणित दर हा कल्पित आकडा असतो. ‘या देशाची वयरचना अमुक असती तर’ या अटीवर तो उभा असतो आणि एकटा असताना त्याला फारसा अर्थ नसतो. त्याच मापाने काढलेला दुसरा आकडा शेजारी आला की मगच तो काही सांगतो.

कोणतं माप घ्यायचं

वर तीन वेगवेगळे भार वापरून झाले आणि गुणोत्तर तिन्ही वेळा वेगळं आलं. स्वीडनची वयरचना घेतली तर १६.३४ भागिले १०.५५, म्हणजे १.५५ पट. कझाकस्तानची घेतली तर १.७७. जागतिक प्रमाण लोकसंख्येवर १.७९. दिशा तिन्हींत एकच, पण मोठेपणात फरक आहे.

कारण वरच्या तक्त्यातच आहे. दोन देशांतली तफावत सगळ्या वयांत सारखी नाही. लहान मुलींत ती साडेचार ते पावणेनऊ पट आहे, पंचाऐंशीनंतर जेमतेम सव्वापटीच्या आत. स्वीडनच्या वयरचनेत म्हाताऱ्यांचं वजन जास्त, त्यामुळे तिथे तफावत दबून दिसते. तरुण वयरचना घेतली की बालवयातली आणि मध्यमवयातली तफावत वर येते. यात कोणतंही एक उत्तर ‘खरं’ नाही. सगळ्या वयांत तफावत सारख्याच पटीत असती तर कोणतेही भार घ्या, गुणोत्तर तेच आलं असतं. भार बदलल्यावर गुणोत्तर बरंच हलत असेल, तर त्याचा अर्थ एका आकड्यात मावेल अशी ही तुलना नाही. वयोगटांचा तक्ता छापावा.

व्यवहारात जास्त घोटाळा होतो तो दोन वेगळ्या मापांचे आकडे शेजारी ठेवल्याने. कर्करोगाच्या नोंदणीत आजही जुनी ‘जागतिक’ प्रमाण लोकसंख्या चालते. ती जपानी संशोधक मित्सुओ सेगी यांनी १९६० मध्ये मांडली आणि पुढे तिच्यात किरकोळ फेरफार झाले. तिच्यात ०–४ या गटाला १२ टक्के वजन आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात ८.८६. आपल्याकडच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात मुंबई आणि बार्शीच्या नोंदणीचे वय-प्रमाणित दर याच जुन्या मापावर दिले जातात, म्हणून ते एकमेकांशी ताडता येतात. युरोपची मापं वेगळी: १९७६ च्या मापात ६५+ ला ११ टक्के होते, २०१३ च्या नव्या मापात १९.५. नव्या मापावर गेल्यावर हृदयविकाराचा दर एका रात्रीत उडी मारल्यासारखा दिसतो आणि प्रत्यक्षात एकही जादा माणूस मेलेला नसतो. अमेरिकेतही १९४० च्या लोकसंख्येचं माप सोडून २००० चं माप १९९९ च्या आकड्यांपासून घेतलं गेलं, तेव्हा हेच झालं. त्यामुळे ‘वय-प्रमाणित’ एवढंच लिहिलेला आकडा अर्धवट असतो. कोणत्या लोकसंख्येवर, हे शेजारी हवं.

रुंद गट घेतले की रोग परत येतो

बऱ्याच ठिकाणी मृत्यू पाच-पाच वर्षांत फोडलेले मिळत नाहीत. ०–१४, १५–६४ आणि ६५+ एवढंच हाती लागतं आणि त्यावरच प्रमाणीकरण उरकलं जातं. आपल्या उदाहरणात हे करून पाहू. जागतिक प्रमाण लोकसंख्येच्या भारांची बेरीज करून या तीन गटांना २६.१५, ६५.६५ आणि ८.२३ असे भार मिळतात. उत्तर येतं: स्वीडन ५.१४, कझाकस्तान ७.५२, गुणोत्तर १.४६. अठरा गटांनी १.७९ दिलं होतं. तफावतीचा बराच भाग हवेत गेला.

तो गेला कुठे, हे ६५+ या गटात शिरल्यावर कळतं. या गटाचा एकत्र दर स्वीडनमध्ये हजारी ४६.४ आणि कझाकस्तानात ५७.७, म्हणजे १.२४ पट. आता त्याच्या आतल्या पाच-पाच वर्षांच्या गटांतली तफावत पाहा: ६५–६९ मध्ये २.२ पट, ७०–७४ मध्ये २.०, ७५–७९ आणि ८०–८४ मध्ये दीड-दीड पट, ८५+ मध्ये १.१. पाचांपैकी चार गटांत तफावत एकत्र आकड्यापेक्षा जास्त आहे. कारण ६५ पार केलेल्या स्त्रियांतही स्वीडनच्या स्त्रिया जास्त म्हाताऱ्या आहेत. स्वीडनमध्ये ६५+ पैकी २८ टक्के ऐंशीच्या पुढच्या, कझाकस्तानात २१ टक्के. म्हणजे ढोबळ दरात जी गफलत होती तीच या एका रुंद गटात छोट्या प्रमाणात शिल्लक राहिली.

याच न्यायाने ८५+ हा उघडा गटही पूर्ण निर्दोष नाही. जिथे नव्वदी गाठलेल्यांची संख्या मोठी असते तिथे ८५–८९, ९०–९४ असे पुढचे गट मिळाले तर घ्यावेत. जागतिक मापात ८५+ ला अवघा ०.६३ टक्का भार आहे, तरी स्वीडनच्या ४.११ पैकी ०.९९ त्या गटातून येतो. जवळजवळ चौथा हिस्सा.

आकडे विश्वासाचे आहेत का

प्रमाणीकरणाने वयरचनेचा प्रश्न सुटतो. नोंदीतली चूक त्याने जात नाही. ती शोधायची एक सोपी तपासणी आहे. पन्नाशीनंतर प्रत्येक पाच वर्षांच्या पायरीला मृत्युदर साधारण दीड ते पावणेदोन पट वाढतो. स्वीडनचे दर तसेच चढतात: ५०–५४ पासून ३.०५, ४.६१, ७.५९, १२.२६, २०.२६. हात फिरवला तर गुळगुळीत लागेल असा जिना.

कझाकस्तानचा जिना खडबडीत आहे: ५.७१, १०.८२, १३.९२, २६.७९, ३९.९८. एक पायरी जवळजवळ दुप्पट, पुढची सव्वापटीच्या किंचित वर, पुन्हा दुप्पट. असं दिसलं की दोन गोष्टी तपासायच्या. एक, वय गोल करून सांगण्याची सवय: माणूस शेजारच्या गटात मोजला जातो आणि मृत्यूची नोंद मात्र वेगळ्या वयाने होते. दोन, लोकसंख्येतल्या खाचा. कझाकस्तानात ५०–५४ च्या स्त्रिया ५,०३,६०८, पण त्यांच्या अलीकडे ४५–४९ च्या फक्त २,८४,७९९ आणि पलीकडे ५५–५९ च्या ३,०१,८७९. ४५–४९ म्हणजे साधारण १९४२ ते १९४७ मध्ये जन्मलेल्या, युद्धातल्या आणि युद्धाला लागूनच्या वर्षांतल्या. ५५–५९ म्हणजे १९३२ ते १९३७ मधल्या. त्यातली सुरुवातीची वर्षं १९३०–३३ च्या कझाक दुष्काळाला जोडून येतात. गटाच्या आतच एका वर्षाचे लोक खूप आणि दुसऱ्या वर्षाचे थोडे असले, तर गटाचं सरासरी वय एका बाजूला सरकतं आणि दरही सरकतो. शेजारच्या गटांतल्या अशा चुका बेरजेत बऱ्याच अंशी एकमेकींना खातात, म्हणून ७.३४ त्यामानाने स्थिर आहे. पण ‘५५–५९ मध्ये तफावत अचानक २.३ पट झाली’ असल्या निष्कर्षावर मजला चढवू नये.

टोकांची कथा वेगळी. सोव्हिएत पद्धतीत २८ आठवड्यांआधी किंवा हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ पहिल्या आठवड्यात गेलं तर ते जिवंत जन्मात धरलं जात नसे. त्यामुळे त्या व्यवस्थेतून आलेल्या देशांचा बालमृत्यूचा आकडा कमी दिसण्याकडे झुकतो. दुसऱ्या टोकाला, म्हातारपणी वय वाढवून सांगितलं गेलं की ८५+ चा दर खाली येतो, कारण तिथे मोजलेली काही माणसं मुळात पंचाहत्तर-ऐंशीची असतात. दोन्ही चुका कझाकस्तानला असतो त्यापेक्षा बरा दाखवतात. म्हणजे १.७९ या गुणोत्तरात दोष असलाच तर तो कमी दाखवण्याकडे आहे.

वयानुसार मृत्यू मिळालेच नाहीत तर

कधी देशाची लोकसंख्या वयानुसार माहीत असते, पण मृत्यूंची फक्त एकूण बेरीज मिळते. तेव्हा उलटा रस्ता घ्यावा लागतो. कझाकस्तानच्या लोकसंख्येला स्वीडनचे दर लावून आपण अपेक्षित मृत्यू ३६,५४१ काढलेच आहेत. प्रत्यक्ष ६४,५७२. भागाकार १.७७. या पद्धतीला वयोगटनिहाय मृत्यू लागत नाहीत आणि लहान लोकसंख्येत, जिथे एखाद्या गटात दोन-तीनच मृत्यू असतात, तिथे ती थेट प्रमाणीकरणापेक्षा कमी डळमळते.

तिची मर्यादा अशी की यात भार त्या-त्या देशाच्या स्वतःच्या वयरचनेचे असतात. कझाकस्तानचं गुणोत्तर १.७७ आलं आणि उद्या तिसऱ्या एखाद्या देशाचं, तेही स्वीडनच्याच दरांवर, १.६० आलं, तर त्या दोघांची आपसात तुलना होत नाही. प्रत्येकाची तुलना फक्त स्वीडनशी होते. अहवालांत अशी गुणोत्तरं उतरत्या क्रमाने लावून जिल्ह्यांना किंवा रुग्णालयांना नंबर दिलेले दिसतात. तो क्रम लावताना माप परत घरचंच झालेलं असतं.

घराजवळची जोडी

असाच उलटा क्रम भारतातल्या राज्यांत दरवर्षी दिसतो. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१९ च्या आकड्यांत केरळचा ढोबळ मृत्युदर हजारी ७.१ आणि बिहारचा ५.५. त्याच वर्षी बालमृत्युदर केरळमध्ये हजार जिवंत जन्मांमागे ६ आणि बिहारमध्ये २९. केरळमध्ये जन्म कित्येक दशकांपासून कमी झालेत, आयुष्य लांबलंय आणि कामाच्या वयाचे बरेच लोक आखातात किंवा इतर राज्यांत आहेत. मागे राहिलेली लोकसंख्या म्हातारी आहे. बिहारमध्ये मुलांचा वाटा मोठा आहे. देशांच्या पातळीवर हेच जपान आणि भारताचं: २०१९ मध्ये जपानचा दर ११.२, भारताचा ६.०, आणि जपानमध्ये दर शंभरात २८ माणसं ६५ च्या पुढची.

कोकणातल्या ज्या गावांतली तरुण मंडळी मुंबई-पुण्याला असतात आणि घरी आई-वडील राहतात, तिथे गावाचा ढोबळ दर आणि शहराचा ढोबळ दर ताडायला गेलं तरी हाच पेच पडतो. वर एक गुंता वाढतो: आजारी माणूस उपचारासाठी शहरात हलवला जातो आणि मृत्यू जिथे झाला तिथे नोंदला जातो. तिथे आधी मृत्यू राहत्या पत्त्याप्रमाणे लावून घ्यावे लागतात, प्रमाणीकरण त्यानंतर. अंश एका लोकसंख्येचा आणि छेद दुसऱ्या लोकसंख्येचा असेल तर कुठलेही भार कामाचे नाहीत.

ढोबळ दर कधी हवा

ढोबळ दर टाकाऊ नाही. १९९२ मध्ये स्वीडनला ४६,२५६ स्त्रियांच्या अंत्यविधीची सोय करावी लागली, ४.११ च्या हिशोबाने येणाऱ्या सुमारे १८,००० नव्हे. शेवटच्या आजारातली शुश्रूषा, घरी जाणाऱ्या परिचारिका, दफनभूमीची जागा, निवृत्तिवेतनाचा खर्च हे सगळं प्रत्यक्ष मृत्यूंवर ठरतं, आणि त्यातले ३७ टक्के एकट्या ८५+ गटातले होते. कझाकस्तानात त्याच वर्षी ४,९४० मृत्यू पाच वर्षांखालच्या मुलींचे होते, स्वीडनमध्ये ३२१. दोन्ही देशांच्या आरोग्यखात्यांना पैसे कुठे घालायचे हे ठरवताना हेच कच्चे आकडे लागत होते.